विश्लेषण : वेळ तेवढीच, तरी प्रगती? लहान जलतरणपटूंचा सत्राअखेरचा अहवाल कसा लिहावा?

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या प्रगतिपुस्तकाबरोबर अनेक घरांत आणखी एक कागद येतो. तो पोहण्याच्या, धावण्याच्या किंवा बॅडमिंटनच्या बॅचचा अहवाल असतो. त्यात बहुतेक वेळा चार-पाच रकाने, त्यांपुढे तारे आणि खाली एक ओळ असते : ‘चांगली प्रगती, आणखी मेहनत हवी.’ हीच ओळ बॅचमधल्या निम्म्या मुलांच्या कागदावर असते, हे मुलांना पाच मिनिटांत कळते. खरे सांगितले तर मूल खचेल, पालक नाराज होतील आणि पुढच्या सत्राची फी येणार नाही, ही प्रशिक्षकांची भीती असते. पण १२-१३ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांच्या कष्टांचे काय झाले हे कोणी नीट सांगितले नाही, तर ती स्वतःच निष्कर्ष काढते, आणि तो बहुधा ‘मला जमत नाही’ असाच असतो. खरेही असेल आणि उमेदही देईल असा अहवाल लिहिता येतो का? जलतरणाचे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

उदाहरण काय आहे?

उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे कोणत्याही बॅचमध्ये दिसतील असेच आहेत. मुलगी १२ वर्षांची आहे. तलाव २५ मीटरचा, प्रकार १०० मीटर फ्रीस्टाईल. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत १६ आठवडे, आठवड्याला चार दिवस, म्हणजे एकूण ६४ सत्रे झाली. जूनमधली तिची वेळ १ मिनिट २४.६ सेकंद होती. ऑक्टोबरमध्ये ती १ मिनिट २३.९ सेकंद झाली.

चार महिन्यांत ०.७ सेकंद. पालकांच्या नजरेतून पाहिले तर फी, पहाटेची धावपळ, ओले टॉवेल आणि पदरात पाऊण सेकंदही नाही. नेहमीच्या अहवालात इथे दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर ‘वेळेत सुधारणा’ असे लिहून तारा दिला जातो, नाहीतर ‘अपेक्षित सुधारणा नाही, मेहनत वाढवा’ असा शेरा येतो. या आकड्यांपुरते बोलायचे तर दोन्ही चुकीचे आहेत.

०.७ सेकंदांचा अर्थ काय?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली जाते. मोजमापातली चूक किती आहे हे ठाऊक नसेल, तर मोजमापाला अर्थ नाही. तलावाच्या काठावर हा नियम आणखी कडक लागू होतो. शिट्टी ऐकून बोटाने बटण दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात आणि प्रत्येकाचा हा उशीर वेगळा असतो. दोन जणांनी एकाच मुलीची वेळ घेतली तर दोन-तीन दशांशांचा फरक सहज पडतो. त्यात मुलगी रोज सारखी पोहत नाही. झोप, नाश्ता, शाळेतला दिवस या सगळ्याचा परिणाम होतो. पंचाऐंशी सेकंदांच्या शर्यतीत या वयाच्या मुलांची वेळ एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी सेकंदभर इकडेतिकडे होणे नवलाचे नाही.

म्हणून चाचणी एकदाच घेऊन भागत नाही. तलाव तोच, वेळ तीच, वॉर्म-अप तोच, सुरुवात तशीच (दोन्ही वेळा उडी मारून, नाहीतर दोन्ही वेळा भिंतीला पाय लावून) आणि दोन स्टॉपवॉच, अशी चाचणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावी आणि सरासरी काढावी. जूनची वेळ २५ मीटरच्या तलावात आणि ऑक्टोबरची बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या तलावात घेतली असेल, तर तुलनाच करू नये. लहान तलावात १०० मीटरमध्ये तीन वेळा वळायचे असते आणि प्रत्येक वेळी भिंतीला ढकलून फुकटचा वेग मिळतो. मोठ्या तलावात तो एकदाच मिळतो. एवढ्यानेच एक-दोन सेकंदांचा फरक पडू शकतो आणि मुलगी ‘मागे गेली’ असा शेरा तिच्या माथी बसतो.

आपल्या उदाहरणातले दोन्ही आकडे अशा दोन-दोन चाचण्यांची सरासरी आहेत, असे धरू. तरीही ०.७ सेकंदांबद्दल एकच वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येते : एकूण वेळ जवळपास तेवढीच आहे.

मग उमेद देणारे काय उरते?

इथेच बहुतेक प्रशिक्षक विशेषणांकडे वळतात. ‘उत्साही’, ‘मेहनती’, ‘गुणी मुलगी’ असे शब्द येतात. त्याऐवजी त्याच शर्यतीचे तुकडे करून पाहावे. ५० मीटरला स्टॉपवॉचवर स्प्लिट घेतला असेल तर शर्यतीचे दोन अर्धे वेगळे दिसतात.

जूनमध्ये पहिले ५० मीटर ३८.२ सेकंदांत आणि दुसरे ४६.४ सेकंदांत झाले होते. ऑक्टोबरमध्ये पहिले ३८.९ आणि दुसरे ४५.० सेकंदांत झाले. पहिल्या अर्ध्यात उडीचा फायदा असल्याने दुसरा अर्धा सगळ्यांचाच थोडा हळू असतो. पण जूनमध्ये दोन अर्ध्यांतला फरक ८.२ सेकंद होता, तो आता ६.१ वर आला आहे. ही मुलगी जूनमध्ये सुरुवातीला जोरात सुटायची आणि नंतर दमून जायची. आता ती सुरुवात किंचित राखून करते आणि शेवटी टिकते. दोन्ही दिवसांच्या चाचण्यांत हेच चित्र दिसले असेल, तर तो योगायोग म्हणून सोडता येत नाही.

आणखी एक पुरावा फुकट मिळतो, तो म्हणजे हातांची मोजणी. पहिल्या २५ मीटरला ती जूनमध्ये २० हात मारायची, आताही २० मारते. शेवटच्या २५ मीटरला जूनमध्ये २७ हात लागत होते, आता २३ लागतात. दमल्यावर हात घाईने आणि आखूड पडू लागतात, पाणी पकडलेच जात नाही आणि त्यामुळे संख्या वाढते. २७ चे २३ झाले याचा अर्थ दमल्यावरही तिचा हात लांब राहतो आहे. या सत्रात बॅचने एकसारख्या वेगात ५० मीटरच्या आठ-आठ फेऱ्या केल्या असतील, तर त्या कंटाळवाण्या सेटचे फळ इथे दिसते आहे.

मुलीला सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. ती खरी आहे, मोजलेली आहे आणि तिच्या कष्टांतून आलेली आहे. घड्याळातल्या एकूण आकड्याने ती झाकली होती.

उंचीचा मुद्दा लिहावा का?

मुलींची उंची साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची सुमारे १४ व्या वर्षी. या काळात हातपाय लांबतात, पण ते वापरायची सवय मागून येते. काही महिने वेळ अडकून राहते किंवा थोडी बिघडतेही. त्यामुळे दर तीन महिन्यांनी, पालकांना विचारून आणि आडोशाला, उंची मोजून नोंदवावी. जूनपासून मुलगी साडेतीन सेंटीमीटर वाढली असेल तर अहवालात तेवढेच लिहावे आणि शरीर बदलते आहे, पाण्यातला तोल पुन्हा बसायला वेळ लागू शकतो, असे जोडावे. ‘उंचीमुळेच वेळ अडली’ असे ठामपणे लिहिण्याइतका पुरावा एका मुलीच्या दोन मोजमापांत नसतो.

बॅचमधला क्रमांक न लिहिण्याचे कारणही हेच. १२ वर्षांच्या मुलामुलींची क्रमवारी लावली तर कोण आधी वाढले आणि कोण जानेवारीत जन्मले याचीच यादी बऱ्याच अंशी तयार होते.

वजन मात्र अहवालात कधीच येऊ नये, कौतुक म्हणूनही नाही. या वयातल्या मुलीसाठी वजनाबद्दलची एक ओळ जेवण सोडण्याचे निमित्त ठरू शकते. खांदा दुखत असेल, पाळीच्या काळात अडचण येत असेल किंवा मूल अचानक गप्प झाले असेल, तर तेही कागदावर लिहायचे विषय नाहीत. त्यासाठी पालकांना त्याच आठवड्यात फोन करायचा असतो, सत्र संपायची वाट पाहायची नसते.

न सुधारलेले कसे सांगायचे?

या मुलीच्या दोन गोष्टी जागच्या जागी आहेत. एक म्हणजे किक. फळी धरून ५० मीटर किकला जूनमध्ये १ मिनिट ६ सेकंद लागले होते, ऑक्टोबरमध्ये १ मिनिट ५. दुसरी गोष्ट टर्न. भिंत ढकलल्यावर ती लगेच डोके वर काढते आणि पहिल्याच हाताला श्वास घेते. भिंतीचा फुकटचा वेग तीन मीटरच्या आत संपतो.

‘किक कमजोर’ आणि ‘टर्नकडे लक्ष द्यावे’ हे शेरे खोटे नाहीत, पण ते वाचून उद्या सकाळी तलावावर नेमके काय करायचे हे मुलीला कळत नाही. कडू वाक्य जितके नेमके, तितके ते पचायला सोपे जाते, कारण ते स्वभावाबद्दल न राहता एका हालचालीबद्दल होते. ‘किकच्या सेटमध्ये आळस करते’ या वाक्यावर वाद होतो. ‘नोंद केलेल्या दहापैकी सहा किक सेटमध्ये तू मध्ये फळी सोडून उभी राहिलीस’ यावर होत नाही. अर्थात हे लिहायला ती नोंद हाताशी असावी लागते. नसेल तर ते वाक्य लिहू नये.

कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक अशी एक जुनी रीत आहे. ती फारशी उपयोगी पडत नाही, असे माझे मत आहे. मुले ‘पण’ या शब्दाची वाट पाहायला शिकतात आणि पालक फक्त शेवटचे गोड वाक्य लक्षात ठेवतात. काय सुधारले, काय तेवढेच राहिले आणि पुढे काय, असा सरळ क्रम वाचायला सोपा जातो.

पुढच्या सत्रासाठी ध्येय एकच द्यावे. इथे किक आणि टर्न यांतून टर्न निवडणे शहाणपणाचे. शर्यतीत तो तीनदा येतो, काही आठवड्यांच्या सरावात बदलू शकतो आणि त्यात मुलीला स्वतःची प्रगती स्वतः मोजता येते. किकला घोट्याची लवचीकता आणि पायांची ताकद लागते, ती सावकाश येते. ध्येय वेळेचे नसावे. ‘जानेवारीपर्यंत १ मिनिट २२’ हे वाढीवर, थंडीवर आणि परीक्षेवर अवलंबून आहे. ‘तिन्ही टर्ननंतर डोके झेंड्यांच्या रेषेपलीकडे वर काढायचे आणि पहिला हात श्वास न घेता मारायचा’ हे तिच्या हातात आहे. बॅकस्ट्रोकसाठी तलावावर लावलेली झेंड्यांची दोरी भिंतीपासून पाच मीटरवर असते. सरावाच्या तलावात दोरी नसेल तर काठावर रंगीत टेपची खूण चालते.

तारे आणि गुण का नकोत?

शिक्षणशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. काही मुलांना कामावर फक्त लेखी अभिप्राय दिला, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. ज्यांना फक्त अभिप्राय मिळाला त्यांचा रस टिकला आणि कामही सुधारले. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांत अभिप्रायाचा हा फायदा दिसला नाही. तो अभ्यास वर्गातल्या कामाचा आहे, तलावाचा नाही. पण कागद हातात आल्यावर मुले आधी तारे मोजतात आणि मग शेजारच्याचे तारे मोजतात, हे कोणत्याही बॅचमध्ये दिसेल. नंतर खालचा मजकूर कोण वाचणार?

‘गुणी’, ‘उपजत हुशारी’ या शब्दांचाही असाच त्रास आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ असे कौतुक ऐकलेली मुले पुढच्या अपयशानंतर लवकर मागे हटली. प्रयत्नांचे कौतुक झालेली जास्त टिकली. हा परिणाम किती मोठा आहे यावर नंतर वाद झाले. तरी अहवाल लिहिणाऱ्याने त्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. ज्या कामाचे फळ दिसले, त्या कामाचे नाव लिहावे.

४० मुलांचे अहवाल लिहायला वेळ कुठून आणायचा?

खरी अडचण ही आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ४० कागद समोर घेऊन बसले की हात आपोआप ‘चांगली प्रगती’ लिहू लागतो, कारण आठवायलाच काही नसते. यावर उपाय सत्राच्या पहिल्या दिवशी सुरू होतो. रोज फक्त चार मुले ठरवून पाहायची आणि प्रत्येकाची एक ओळ वहीत किंवा फोनमध्ये टिपायची. दहा दिवसांत बॅच पूर्ण होते. ६४ सत्रांत प्रत्येक मुलाच्या सहा ओळी जमतात. ओळीत मत नसावे, दिसले ते असावे : ‘तिसऱ्या टर्नला लगेच श्वास’, ‘किक सेटला दोनदा थांबली’, ‘शेवटच्या फेरीला २३ हात’. जून आणि ऑक्टोबरच्या चाचण्या आणि या सहा ओळी मिळून अहवालाचा कच्चा माल तयार असतो. मग एका मुलाला दहा मिनिटे पुरतात.

हे न करता अहवाल लिहायचाच असेल, तर निदान चाचणीचे आकडे आणि एक ध्येय एवढेच लिहावे. रकाने भरण्यासाठी मते तयार करू नयेत.

तयार अहवाल कसा दिसेल?

अहवाल मुलीला उद्देशून असावा, पालकांसाठी खाली वेगळा भाग असावा. आपल्या उदाहरणाचा अहवाल असा होईल :

“या सत्रात तू शर्यत वाटून पोहायला शिकलीस. जूनमध्ये १०० मीटरचा दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा ८.२ सेकंद हळू होता, आता ६.१ सेकंद आहे. शेवटच्या फेरीत २७ ऐवजी २३ हात लागतात. ५० मीटरच्या आठ फेऱ्यांचा सेट तू न थांबता पूर्ण करत होतीस, त्याचा हा परिणाम आहे. तुझी एकूण वेळ जूनपेक्षा फारशी बदललेली नाही (१:२४.६ वरून १:२३.९). या चार महिन्यांत तुझी उंची साडेतीन सेंटीमीटर वाढली. अशा काळात वेळ काही दिवस अडू शकते. किकमध्ये फरक पडला नाही. नोंद केलेल्या दहा किक सेटपैकी सहांत तू मध्ये थांबलीस. टर्ननंतर तू पहिल्याच हाताला श्वास घेतेस, त्यामुळे भिंतीचा वेग वाया जातो. जानेवारीपर्यंत एकच काम : तिन्ही टर्ननंतर झेंड्यांच्या पलीकडे डोके वर आणि पहिला हात श्वासाशिवाय. सध्या तिन्हीपैकी एखादाच असा होतो. आपण दर शनिवारी मोजू.”

“पालकांसाठी : ६४ पैकी ४४ सत्रांना हजेरी. २० गैरहजेऱ्यांपैकी ११ चाचणी परीक्षा आणि सहामाहीच्या आठवड्यांत. परीक्षेच्या काळात आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास येणे जमेल का, यावर बोलू.”

हजेरी मुद्दाम खाली ठेवली आहे. १२ वर्षांची मुलगी पहाटे साडेपाचला तलावावर पोहोचते की नाही, हे तिच्याइतकेच दुचाकी कोण काढते यावरही ठरते. त्याची बोलणी मुलीच्या भागात कशाला?

पालक विचारतातच, ‘सर, स्टेटला जाईल का?’

या प्रश्नाचे उत्तर अहवालात लिहू नये. तोंडी देताना ते टाळूही नये. १२ व्या वर्षीच्या वेळेवरून १७ व्या वर्षीचे भाकीत करता येत नाही, हे स्पष्ट सांगावे. पुढच्या वर्षभरात काय पाहायचे ते मात्र सांगता येते. यंदाच्या जिल्हा स्पर्धेत तिच्या वयोगटात अंतिम फेरीत आलेल्यांच्या वेळा निकालपत्रात असतात. त्या दाखवाव्यात आणि तिची वेळ शेजारी ठेवावी. अंतर मोठे असेल तर ते दिसेल. दहावीला मिळणाऱ्या क्रीडागुणांचे आश्वासन तर कोणीच देऊ नये. ते ठरलेल्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, बॅचला येण्यावर नाहीत.

कागद आधी मुलीच्या हातात द्यावा, दोन मिनिटे तिला वाचू द्यावे आणि ‘यातले तुला काय पटत नाही?’ असे विचारावे. कधीकधी तिथेच नवी माहिती मिळते. फळी सोडायची कारण पोटरीत गोळा यायचा, असे ती सांगते आणि अहवालातली किकची ओळ तिच्यासमोर दुरुस्त होते. त्यानंतर पालकांशी पाच मिनिटे बोलावे. बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचाही अहवाल टाकू नये, सर्वांत चांगला असला तरीही.

जानेवारीत ध्येय गाठले नसेल तर?

तेव्हा हाच कागद बाहेर काढायचा. समजा शनिवारच्या मोजणीत ती तीनपैकी दोन टर्नवर आली आणि शेवटचा अजून चुकतो. तर अहवालात ‘ध्येय अपूर्ण’ असा शिक्का न मारता जे मोजले ते लिहावे : पहिले दोन टर्न बसले, तिसऱ्याला दम लागल्याने श्वास लवकर घेतला जातो. त्यावरून पुढचे कामही ठरते. आता टर्नचा सराव ताज्या अंगाने न करता सेटच्या शेवटी, दमल्यावर घ्यायचा. आणि आठ शनिवार मोजूनही आकडा एकवरच राहिला असेल, तर तेही लिहावे. मात्र त्याखाली प्रशिक्षकाने स्वतःसाठी एक ओळ जोडावी : शिकवण्याची ही पद्धत हिला लागू पडली नाही, फेब्रुवारीपासून पाण्याखालून व्हिडिओ घेऊन दाखवणार.